दूध साचून स्तन दुखू लागल्यास अंगावर पाजणे थांबवू नये

कापूस वेचणीच्या दिवसांत बाळाला घरी ठेवून सकाळीच शेतात गेलेल्या आईचा एक स्तन संध्याकाळी दगडासारखा कडक, लालसर व दुखरा होतो आणि थंडी वाजून ताप येतो, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या ‘दूध खराब झाले, पाजू नको’ असे सांगतात; परंतु हे दूध बाळाला अपायकारक नसते आणि पाजणे एकदम थांबवल्यास सूज वाढते. बाळाला नेहमीप्रमाणे त्याही बाजूला घ्यावे, मात्र स्तन रिकामा करण्याच्या हट्टाने वारंवार दूध पिळू नये. जोराने चोळणे तर टाळावेच.

पाजून झाल्यावर माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे ठेवावा. ताप व वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते.

चोवीस तासांत उतार न पडल्यास, किंवा बोंडीला चिरा, पू अथवा खूप अशक्तपणा असल्यास तेवढेही न थांबता, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके, सहसा १० ते १४ दिवसांची, पूर्ण घ्यावीत आणि त्या काळातही पाजत राहावे. औषध सुरू होऊन दोन दिवसांनीही गाठ तशीच राहिली, तर आत पू झाला आहे का, हे सोनोग्राफीने पाहावे लागते.