बाष्पघनतेवरून काढलेलं मोलर वस्तुमान कमी का आलं

अज्ञात द्रवाचं उत्तर 46.5 आलं. उत्कलनबिंदू 56 °से. असल्यामुळे ॲसिटोनचा संशय होता, पण त्याचं मोलर वस्तुमान 58.1. प्रयोग नेहमीचाच: 270 मिलि फ्लास्क, तोंडावर फॉइल, त्याला टाचणीचं भोक, 99 °से. पाण्यात पूर्ण बाष्पीभवन, मग थंड करून वजन. दाब 0.940 ॲट., वजनातला फरक 0.387 ग्रॅम.

चूक वजनात नव्हती, ते वाचण्यात होती. थंड झाल्यावर फ्लास्कमध्ये हवा परत येते, पण पूर्ण नाही. उरलेल्या द्रवाची बाष्प 25 °से.ला 0.30 ॲट. जागा अडवते. म्हणजे रिकाम्या फ्लास्कच्या वजनात जेवढी हवा होती, तेवढी आता नसते. ही तूट:

```
m = 0.30 × 0.270 × 29 / (0.08206 × 298) = 0.096 g
M = (0.387 + 0.096) × 0.08206 × 372 / (0.940 × 0.270) = 58.1
```

द्रव अज्ञात असल्याने 0.30 हा आकडा बंद फ्लास्कमध्ये दाबमापक लावून मोजावा. आकारमानही फ्लास्क काठोकाठ पाण्याने भरून काढा. त्यावरची खूण काठापर्यंतचं आकारमान सांगत नाही. उलट उत्तर जास्त आलं, तर फॉइलच्या कडेखाली पाण्याचा थेंब शोधा.