दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी कशी मोजावी, आणि आकडा कुठे चुकतो

दोन वर्षं पूर्ण न झालेलं मूल झोपवून मोजायचं, त्यापुढचं उभं करून. झोपवून येते ती लांबी, उभं करून येते ती उंची. त्याच मुलाची लांबी उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त भरते. म्हणून दीड वर्षाचं पोर काही केल्या आडवं होत नसेल आणि उभं करूनच मोजावं लागलं, तर आलेल्या आकड्यात ०.७ मिळवायचे. दोन वर्षांवरचं मूल झोपवून मोजलं, तर तेवढेच वजा करायचे.

इथे झोपवून मोजण्याबद्दलच सांगतो, कारण अंगणवाडीत जास्त गोंधळ तिथेच होतो.

इन्फंटोमीटर, म्हणजे बाळ झोपवून मोजायचं पट्टी असलेलं साधन, सपाट जागी ठेवा. सारवलेल्या जमिनीत खड्डे-उंचवटे असतात, त्यापेक्षा फरशी किंवा पक्कं टेबल बरं. टेबलावर मोजताना बाळावरचा हात काढायचा नाही. बाळाचे बूट-मोजे, टोपरं आणि जाड कपडे काढा. डोक्यावर बांधलेली शेंडी किंवा क्लिप डोकं आणि फळी यांच्या मधे येते, तीही सोडा. आजी कुरकुरतील, "आत्ताच तर वेणी घातली." पण ती वेणी मापात धरली जाते.

हे काम एकटीचं नाही. मदतनीस ताई किंवा आई डोक्याकडे बसते. ती बाळाचे दोन्ही कान तळव्यांनी झाकल्यासारखं डोकं धरते आणि टाळू पक्क्या फळीला टेकवते. बाळाची नजर सरळ वर हवी. हनुवटी छातीला चिकटली किंवा वर गेली, तर माप बदलतं. सेविका बाजूला बसते, एका हाताने दोन्ही गुडघे हलके दाबून पाय सरळ करते आणि दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांना भिडवते. टाचा टेकल्या पाहिजेत, बोटं वर हवीत. बाळ फारच लाथा झाडत असेल, तर एक पाय नीट सरळ धरून मोजलं तरी चालतं.

वाकलेल्या गुडघ्याचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. लांबी कमी आली की मूल वयाच्या मानाने जास्त बुटकं दिसतं, पण लांबीच्या मानाने वजन बरं दिसतं. म्हणजे खरं सॅम, तीव्र कुपोषित असलेलं मूल यादीतून निसटू शकतं.

आता वाचन. समजा १८ महिन्यांची मुलगी आहे. फळीची बाळाकडची कड ७४ च्या पुढच्या तिसऱ्या बारीक रेघेवर आहे, म्हणजे लांबी ७४.३. पण सेविका फळीच्या पलीकडून वाकून बघते. तिला आधी ७५ दिसतो आणि तिथून ती मागे सात रेघा मोजते. वहीत लिहिते ७५.७. दोन्ही वाचनांत १.४ सेंमीचा फरक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत या वयाच्या मुलींसाठी बुटकेपणाची सीमा ७४.९ सेंमी आहे. खरी लांबी तिच्या खाली आहे, लिहिलेली वर. मुलगी एका चुकीच्या मोजणीमुळे "सामान्य" झाली.

उपाय सोपा आहे. आधी कडेच्या अलीकडचा, म्हणजे लहान पूर्ण आकडा मोठ्याने म्हणा, "चौऱ्याहत्तर". मग तिथून मोठ्या आकड्याच्या दिशेने रेघा मोजा. कड दोन रेघांच्या मधे असेल, तर अलीकडची रेघ धरा, पुढे ढकलू नका. डोळा रेघेच्या बरोबर वर हवा, तिरकं पाहिलं की एक-दोन रेघा इकडच्या तिकडे होतात. काही जणी फळीच्या बाहेरच्या कडेवर वाचतात, तेव्हा फळीची जाडी बाळाच्या लांबीत जाते.

आकडा म्हटला की दुसरीने तो परत म्हणावा आणि लगेच लिहावा. बाळ उचलून परत एकदा सगळं मोजा. दोन मापांत ०.७ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही सोडून नव्याने मोजा. रजिस्टरवर नजर टाकली की आणखी एक गोष्ट कळते: सगळे आकडे .० आणि .५ वर संपत असतील, तर रेघा मोजल्याच नाहीत, अंदाज लिहिला आहे.

बीड-जालन्याकडून ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं काही महिने दिसत नाहीत. परतल्यावर मोजताना जुनी नोंद शेजारी ठेवा, पण माप घेऊन झाल्यावरच बघा, नाहीतर डोळा तोच आकडा शोधतो. मुलाची लांबी कमी होत नसते. आज ती आधीपेक्षा कमी आली, तर दोनपैकी एक माप चुकलं आहे. अशा वेळी आज परत मोजून आलेला आकडाच लिहा, जुना खोडू नका, आणि शेजारी "पुन्हा मोजले" अशी टीप द्या, म्हणजे पर्यवेक्षिकेला विचारायला जागा राहते.