सबटायटल सरकवायचं की ताणायचं?

सबटायटलिंगच्या सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडे एका जुन्या मराठी चित्रपटाचं काम आलं. इंग्रजी सबटायटल तयार होती, पण ती पूर्वी टीव्हीसाठी काढलेल्या प्रतीवर बसवलेली होती. आता चित्रपट नव्याने स्कॅन झाला होता आणि तीच एसआरटी फाइल, म्हणजे वाक्यं आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी मजकूर फाइल, नव्या प्रतीवर बसवून द्यायची होती. पहिला संवाद ऐकला, सबटायटल आठ सेकंद लवकर येत होतं. म्हणून सगळी फाइल आठ सेकंद पुढे ढकलली, पहिली दोन मिनिटं पाहिली आणि पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला: शेवटच्या प्रसंगात पात्र तोंड उघडायच्या जवळपास चार मिनिटं आधीच त्याचं वाक्य पडद्यावर येऊन जातंय.

माझं चुकलं ते असं, की मी फरक एकाच जागी मोजला. एका जागी मोजलेल्या फरकावरून फाइल नुसती सरकलेली आहे की तिचा वेगही वेगळा आहे, हे कळतच नाही. आता मी नेहमी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी मोजतो. तिन्हीकडे फरक सारखा असेल तर सरकवणं पुरेसं असतं. तो एकसारख्या गतीने वाढत गेला तर ताणावं लागतं, म्हणजे प्रत्येक वेळेला एकाच संख्येने गुणावं लागतं. आणि मध्येच उडी मारत असेल, तर एखादा प्रसंग कापलेला किंवा जोडलेला आहे. तिथे ताणून उपयोग नाही, उडीपासून पुढचा भाग वेगळा सरकवावा लागतो.

त्या चित्रपटात दोन मिनिटांवरचा संवाद नव्या प्रतीत 2:08 ला होता. पन्नासाव्या मिनिटाचा 52:08 ला, आणि 1:36:00 चा थेट 1:40:03 ला. फरक 8, 128 आणि 243 सेकंद, म्हणजे सरळ वाढत जाणारा. कारणही साधं होतं. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमने चित्रित होतो, तर आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला 25 फ्रेम लागतात. त्यामुळे टीव्हीसाठीची प्रत बनवताना चित्रपट किंचित वेगाने चालवला जाई आणि दोन तासांचा खेळ सुमारे पाच मिनिटं लवकर संपे.

हिशेब सेकंदांत केला की सोपा जातो. पहिली जागा 120 ची 128 झाली, शेवटची 5760 ची 6003.

```
ताण  = (6003 - 128) / (5760 - 120) = 1.04167
सरक = 128 - 120 × 1.04167 = 3
नवी वेळ = जुनी वेळ × ताण + सरक
```

1.04167 म्हणजे 25 भागिले 24. उरलेले तीन सेकंद नव्या प्रतीच्या सुरुवातीला जोडलेल्या नामपट्टीचे होते. क्रम मात्र पाळायचा: आधी ताणायचं, मग सरकवायचं. उलट केलं तर सरकवलेले सेकंदही ताणले जातात.

दोन्ही जागा एकमेकींपासून जितक्या लांब, तितका ताण अचूक. कानाने ऐकून मोजताना 0.2 सेकंदाची चूक सहज होते. दोन जागा एका मिनिटाच्या अंतरावर घेतल्या, तर तीच चूक दीड तासाच्या टोकाला 18 सेकंदांची होते. लांबच्या जागा घेण्याचं आणखी एक कारण आहे. पुष्कळ डिजिटल प्रती 24 ऐवजी 23.976 वर चालतात. तिथे ताण 1.0427 येतो, आणि सुरुवातीला न दिसणारा हा फरक दीड तासात साडेपाच सेकंदांवर जातो.

सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये Synchronization मेन्यूत Change frame rate आहे. तिथे जुना आणि नवा दर दिला की तो गुणाकार करतो. पण एसआरटी फाइलमध्ये फ्रेमदर लिहिलेलाच नसतो, नुसत्या वेळा असतात, त्यामुळे जुना दर आपल्याला माहीत असावा लागतो. व्हिडिओचा दर पाहून अंदाज बांधणंही धोक्याचं आहे. 23.976 ची प्रत अमेरिकी टीव्हीसाठी 29.97 ची करताना बहुधा काही फ्रेम पुन्हा दाखवल्या जातात, वेग तोच राहतो. अशा वेळी दर बदललेला दिसतो म्हणून फाइल ताणली, तर चांगली बसलेली सबटायटल बिघडतात. म्हणून मी त्याच मेन्यूतलं Point sync वापरतो. दोन संवादांच्या खऱ्या वेळा दिल्या की ताण आणि सरक दोन्ही तोच काढतो.

नुसतं पाहण्यापुरतं हवं असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये G आणि H या कळांनी सबटायटल मागेपुढे होतं. पण ते फक्त सरकवणं आहे. दर दहा मिनिटांनी पुन्हा कळ दाबावी लागत असेल, तर ती फाइल ताणायलाच हवी.