पोल सगळे डावीकडं, तरी शाफ्ट डुलतोय? एस-प्लेन वाचताना या चुका टाळा

मागच्या सेमिस्टरला आमच्या लॅबमध्ये पोरांनी पोझिशन सर्वो बनवला होता. डीसी मोटर, शाफ्टवर कोन मोजणारा पॉट, आणि मधली कपलिंग उद्यमनगरातनं टर्न करून आणलेली. काम एवढंच, की नॉब 60 अंश फिरवला की शाफ्टनं पण 60 वर जाऊन थांबायचं. पण शाफ्ट गेला 94 वर, परत मागं, मग 72, परत मागं, मग 64, आणि चारेक सेकंदांनी कुठं शांत झाला. पोरगं वही घेऊन आलं, "सर, पोल सगळे रियल हायत, एक झिरोवर आणि बाकीचे डावीकडं, मग हे डुलतंय कशानं?"

वहीत ट्रान्सफर फंक्शन बरोबर होतं.

```
G(s) = K / ( s (s+4) (s+20) )
```

छेदातला सुटा s म्हणजे स्पीडचं इंटिग्रेशन होऊन पोझिशन मिळते ते, 4 आलं मोटरच्या 0.25 सेकंद टाइम कॉन्स्टंटवरनं आणि 20 आलं ड्रायव्हरच्या आधी लावलेल्या 50 मिलिसेकंदाच्या फिल्टरवरनं. मॉडेल चुकलं नव्हतं, चूक होती ती कुठले पोल बघितले त्यात. छेद शून्य करणारे s चे आकडे म्हणजे पोल, आणि 0, -4, -20 हे ओपन लूपचे पोल, म्हणजे पॉटची वायर काढून ठेवली तर मोटर कशी वागेल ते सांगणारे. फीडबॅक जोडला की ते पोल तिथं राहतच नाहीत, गेनप्रमाणं सरकतात, आणि शाफ्ट कसा वागणार ते ठरवतात क्लोज्ड लूपचे पोल. ही चूक मी दरवर्षी बघतो आणि परीक्षेत मार्क जातात त्यापेक्षा प्रोजेक्टमध्ये दिवस जातात याचं जास्त वाईट वाटतं.

क्लोज्ड लूपसाठी 1 + G(s) = 0 मांडायचं, मग s³ + 24s² + 80s + K = 0 मिळतं. त्यांचा गेन K होता 792. एस-प्लेनवर, म्हणजे आडवा अक्ष रियल आणि उभा इमॅजिनरी अशा प्लॉटवर, पोल बघायला ऑक्टेव्हमध्ये दोन ओळी.

```
p = roots([1 24 80 792])
plot(real(p), imag(p), 'x'); axis equal; grid on
```

उत्तर येतं -22 आणि -1 ± 5.92j. आता शाफ्टकडं बघा. -22 वाला इतक्या लवकर विझतो की डोळ्याला कळतच नाही, खेळ सगळा त्या जोडीचा. रियल पार्ट -1 आहे म्हणून डुलणं सेकंदाला e पटीनं कमी होतं, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत यायला 4 भागिले 1, चार सेकंद. इमॅजिनरी पार्ट 5.92 म्हणजे एक झोका 2π भागिले 5.92, साधारण 1.06 सेकंदाचा.

इथं दुसरी गल्लत होते. एकानं मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलं, सेकंदाला जवळपास एकच झोका, आणि म्हणाला गणितात तर 5.92 आलंय, मॉडेल सहा पटीनं चुकलंय. चुकलेलं नाही रे, 5.92 हे रेडियन पर सेकंद, 2π नं भागलं की 0.94 हर्ट्झ. अक्षावर वाचलेला आकडा कधीच हर्ट्झ नसतो.

आणि इमॅजिनरी पार्ट दिसला म्हणजे सिस्टिम अनस्टेबल असं पण नसतं. तो फक्त झोके किती वेगानं येणार ते सांगतो, ते झोके विझणार का वाढणार हे रियल पार्टचं चिन्ह ठरवतं. दोन्ही मिळून एक कामाची गोष्ट कळते, इमॅजिनरीला रियलनं भागून 0.64 नं गुणलं की शांत व्हायच्या आधी किती झोके मोजता येतील ते येतं. इथं 5.92 भागिले 1 गुणिले 0.64, म्हणजे पावणेचारच्या आसपास. उलट्या बाजूनं पण तपासता येतं. 60 च्या वर पहिला उसळा 34 अंश, दुसरा 12, दोन्हीत अंतर 1.06 सेकंद, ln(34/12) भागिले 1.06 केलं की 0.98 येतं. कागदावर 1 होता. म्हणजे पोल खरंच तिथं आहे, नुसता सॉफ्टवेअरमध्ये नाही.

मग गेन कमी करून 230 केला. पोल आले -1.67 ± 2.89j आणि -20.7. शाफ्ट 70 च्या आसपास जाऊन परतला आणि अडीच सेकंदाच्या आत बसला. गेन कमी केला आणि सेटल लवकर झाला, हे पोरांना पटेना, कारण गेन वाढवला की फास्ट हेच डोक्यात बसलेलं. गेन वाढवला की पहिल्यांदा 60 ला पोचायला वेळ कमी लागतो हे खरं, पण इथं गेन वाढेल तशी ती जोडी वर पण जाते आणि उजवीकडं पण सरकते, म्हणून विझायला उशीर. K 72 च्या आसपास असताना दोन पोल -1.89 वर एकत्र येतात, तिथंपर्यंत झोका अजिबात नाही, नंतर जोडी फुटते.

आता या 230 वाल्या प्लॉटवर एक पोरगी म्हणाली, "सर, हे तर आधीच्यासारखंच इमॅजिनरी अक्षाला चिकटलंय." तिनं `axis equal` लिहिलं नव्हतं. आडवा अक्ष -25 ते 0, उभा -3 ते 3, आणि विंडो जवळपास चौकोनी, त्यामुळं उभं ताणलं गेलं. खरा कोन निगेटिव्ह रियल अक्षापासून 60 अंश, डँपिंग रेशो त्याचा कोसाइन म्हणजे 0.5, पण स्क्रीनवर तो 80 अंशांचा दिसत होता. आणि 792 वाल्याचा खरा कोन 80 च आहे, डँपिंग 0.167. म्हणजे चांगली सिस्टिम वाईटासारखी दिसली. डँपिंग कोनावरनं वाचायचं असेल तर दोन्ही अक्षांचं स्केल सारखं हवं, नाहीतर सरळ आकडे घ्या, `-real(p)./abs(p)`.

शेवटचा प्रकार जास्त फसवतो. उत्साहात कुणीतरी K 2476 पर्यंत नेला. राऊथच्या कसोटीनं स्टेबल राहायची लिमिट 24 गुणिले 80, म्हणजे 1920, तेव्हा पोल उजवीकडं जाणारच, +0.4 ± 9.98j. गणिताप्रमाणं झोका वाढतच जायला पाहिजे, पण शाफ्ट थोडा वेळ वाढत्या झोक्यानं हलला आणि मग एकाच मापाचा झोका धरून बसला. रिपोर्टमध्ये लिहिलं, सिस्टिम मार्जिनली स्टेबल, पोल अक्षावर. तसं नाही. ड्रायव्हर 12 व्होल्टच्या वर देऊच शकत नाही, झोका मोठा झाला की तो छाटला जातो, म्हणून प्रत्यक्षातला गेन कमी होत होत 1920 च्या आसपास येऊन थांबतो, आणि झोका पण 9.98 सोडून √80 च्या, म्हणजे 8.94 रेडियन पर सेकंदच्या जवळ येतो, सेकंदाला सुमारे 1.4 झोके. ओळखायचं सोपं आहे, हातानं शाफ्टला एकदा हलका आणि एकदा जोरात धक्का द्या. पोल खरंच अक्षावर असेल तर जेवढा धक्का तेवढा झोका टिकतो. दोन्ही वेळा थोड्या वेळानं तेवढाच झोका आला तर पोल उजवीकडं आहेत आणि व्होल्टेजनं त्यांना अडवून ठेवलंय, तेव्हा ड्रायव्हर गरम व्हायच्या आत गेन खाली घ्या.