बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर क्रिएटिन घेताना या चुका टाळा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चरबीबरोबर स्नायूही घटतात. ते टिकवण्यासाठी क्रिएटिन हे व्यायाम करणारे घेतात ते पूरक पावडर उपयोगी पडेल, हा विचार चुकीचा नाही. चूक होते ती पावडर कोणालाही न सांगता सुरू करण्यात, आणि तिचे परिणाम बहुधा रक्ततपासणीच्या कागदावर दिसतात.

शरीरात क्रिएटिनचे रूपांतर क्रिएटिनीनमध्ये होते, आणि मूत्रपिंडाचे काम आपण याच क्रिएटिनीनवरून अजमावतो. समजा, 42 वर्षांच्या एका स्त्रीचे क्रिएटिनीन शस्त्रक्रियेनंतर दर डेसिलिटर रक्तात 0.8 मिलिग्रॅम होते आणि तीन महिन्यांनी ते 1.0 भरले. आकडा लहानच वाढला. पण त्यावरून काढला जाणारा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज, सुमारे 94 वरून 72 वर येतो. ती रोज 5 ग्रॅम क्रिएटिन घेते हे ठाऊक नसलेले डॉक्टर मूत्रपिंडाला इजा झाल्याची शंका घेतील, आणि कदाचित प्रथिनेही कमी करायला सांगतील. म्हणजे ज्या स्नायूंसाठी पावडर घेतली, त्यांचाच आहार तुटेल.

याच्या उलट चूक मला अधिक धोक्याची वाटते. पावडर घेतो म्हणून आकडा वाढला असेल, असे रुग्ण स्वतःच ठरवतो, आणि खरे कारण निर्जलीकरण असते. पोट लहान झाल्यामुळे पाणी घोट-घोटच पिता येते, त्यात उलट्या झाल्या तर शरीर लवकर कोरडे पडते, आणि जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर ऑक्सलेटचे मुतखडे होण्याची शक्यताही वाढलेली असते. पावडर आणि निर्जलीकरण या दोन कारणांतला फरक नुसत्या क्रिएटिनीनवरून कळत नाही. स्नायूंच्या प्रमाणाचा आणि क्रिएटिनचा फारसा परिणाम न होणारी सिस्टॅटिन सी ही तपासणी तेथे मदत करते. मात्र ती करायची हे सुचण्यासाठी पावडरची माहिती आधी असावी लागते.

म्हणून सुरुवातीपूर्वीच शल्यचिकित्सक आणि आहारतज्ज्ञ यांचे एकमत हवे. जखम भरली आहे का, मूत्रपिंडाचा पूर्वीचा आजार आहे का आणि कोणती औषधे चालू आहेत, हे शल्यचिकित्सक पाहतात. दिवसाची प्रथिने आणि पाणी ठरल्याप्रमाणे पोटात जाते का, हे आहारतज्ज्ञ पाहतात. तेच पुरे होत नसेल, तर क्रिएटिन त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम नसेल तर त्याचा लाभही थोडाच. सुरू करण्यापूर्वीचे क्रिएटिनीन नोंदवून ठेवावे.

व्यायामशाळेत सांगितला जाणारा, आठवडाभर रोज 20 ग्रॅमचा 'लोडिंग'चा मार्ग येथे घेऊ नये. एवढ्या मात्रेने जुलाब व पोटात कळा येऊ शकतात, आणि हा त्रास डंपिंगचा, म्हणजे अन्न पोटातून आतड्यात फार लवकर उतरल्याचा, आहे की पावडरचा हे ओळखणे अवघड होते. साखर किंवा कॅफिन मिसळलेली मिश्रणेही टाळावीत. साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट पुरते. पहिल्या आठवड्यांत काट्यावर किलोभर वजन वाढलेले दिसले, तर ते बहुधा स्नायूंत धरलेले पाणी असते. त्यासाठी जेवण कमी करू नये. उलट्या, जुलाब किंवा गडद लघवी दिसली, तर त्याच दिवशी पावडर थांबवून चमूला कळवावे.