नाडीच्या प्रॅक्टिकलमधला संमतीचा परिच्छेद

साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना व्यायामानंतरची नाडी मोजण्याचं प्रॅक्टिकल होतं. त्याच्या जर्नलमध्ये मी संमतीबद्दल एकच ओळ लिहिली होती: ‘सर्व सहभागी निरोगी होते व त्यांनी स्वखुशीने भाग घेतला.’ ओळ आदल्या रात्रीच लिहून ठेवली होती, म्हणजे कोण येणार आणि कोणाची तब्येत कशी आहे, हे काहीच माहीत नसताना.

प्रॅक्टिकल साधं होतं. साधारण ४१ सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर ३ मिनिटं चढउतार करायची, मुलींनी मिनिटाला २२ वेळा, मुलांनी २४ वेळा. थांबल्यावर पाचव्या सेकंदापासून पुढचे १५ सेकंद मनगटावरचे ठोके मोजायचे आणि ४ ने गुणायचं. दिवस नवरात्राचे होते. माझ्या गटातल्या मैत्रिणीचा नऊ दिवसांचा उपवास होता, आणि तिसऱ्या मिनिटाला ती पांढरीफटक पडली. तिला लगेच आडवं केलं, पाय उशाच्या उंचीवर ठेवले. पाच-दहा मिनिटांत ती सावरली. मी विचारलं, “अगं, मग आधी बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “सगळे चढत होते, मी एकटीच कशी नाही म्हणू? मार्क गेले असते तर?”

माझ्या ओळीतला ‘निरोगी’ आणि ‘स्वखुशीने’ हे दोन्ही शब्द तिथेच खोटे ठरले. मॅडमनी त्यांच्याखाली रेघ मारून विचारलं, “हे तुला कसं कळलं?”

निरोगी हा निष्कर्ष आहे आणि तो काढायला आपण डॉक्टर नाही. आपण फक्त काय विचारलं ते लिहू शकतो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे का, कधी चक्कर किंवा छातीत दुखणं झालंय का, गुडघा-घोटा दुखावलाय का, आज ताप आहे का, आणि आज काही खाल्लंय का. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे विसरू नका. प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारू नका, चिठ्ठीवर विचारा. रक्त कमी आहे किंवा पाळी चालू आहे, हे वर्गासमोर कोणी सांगत नाही.

स्वखुशीचं कोडं जास्त अवघड आहे. शिक्षकांच्या हातात मार्क असताना विद्यार्थ्याच्या ‘हो’मध्ये भीती मिसळलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही विद्यार्थ्यांसारख्या, वरिष्ठांच्या हाताखाली असलेल्या लोकांची वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय. आम्ही त्यावर असा उपाय केला: घड्याळ लावणं, ठोके मोजणं आणि नोंद ठेवणं यांनाही पायरी चढण्याइतकंच काम मानलं. कोणी कोणतं काम घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, कारण सांगायचं नाही. आता न चढणारी मुलगी कोणाच्या डोळ्यात भरत नाही.

मी दुसऱ्यांदा लिहिताना आणखी एक चूक केली. ‘नाडी १७० च्या वर गेल्यास थांबवले’ असं लिहिलं. पण चढउतार चालू असताना नाडी कोणी मोजतच नव्हतं! जो नियम पाळता येत नाही तो लिहू नये. डोळ्यांना दिसतील अशा खुणा लिहाव्यात.

जर्नल इंग्रजीत द्यायचं असलं तरी हा परिच्छेद आधी मराठीत लिहा, कारण मित्रांना आपण मराठीतच सांगितलेलं असतं. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल पुन्हा झालं, तेव्हाचा माझा परिच्छेद असा होता:

‘गटातील ९ जणांना चाचणी किती वेळ चालेल, दम लागेल, पाय भरून येतील व क्वचित चक्कर येऊ शकते, हे तोंडी सांगितले. मधेच थांबता येईल व त्याचा गुणांशी संबंध नाही, हे शिक्षकांनी स्वतः सांगितले. आरोग्याचे ५ प्रश्न चिठ्ठीवर विचारले. उत्तरे शिक्षकांनी पाहून नंतर चिठ्ठ्या नष्ट केल्या. ६ जणांनी लेखी संमती देऊन चाचणी केली, ३ जणांनी इतर कामे घेतली. सर्व जण १८ वर्षांवरील होते. चक्कर, छातीत दुखणे, लय सुटणे किंवा वाक्य पूर्ण बोलता न येणे दिसल्यास थांबवायचे ठरले होते. एकाने दुसऱ्या मिनिटाला स्वतःहून थांबवले. त्याची नोंद वापरली नाही. तक्त्यात नावांऐवजी क्रमांक दिले आहेत.’

पहिल्या वर्षाला कोणी १७ चं असेल, तर त्याच्या संमतीसोबत पालकांचीही संमती घ्या. क्रमांक दिले तरी तक्त्यात उंची आणि वजन घातलं, तर ९ जणांत कोण कोणता हे वर्ग सहज ओळखतो, म्हणून नाडीपुरताच तक्ता ठेवा. आणि हीच आकडेवारी पुढे एखाद्या परिषदेत किंवा नियतकालिकात द्यायची असेल, तर हा परिच्छेद पुरत नाही. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी पहिली नाडी मोजण्याआधी घ्यावी लागते.