एक्स्टेन्शन आलं म्हणून मी खूश झाले, आणि तिथेच माझं एक वर्ष गेलं

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत मी अॅप्लिकेशन सपोर्टला होते. बसायचे कंपनीत, पगार यायचा स्टाफिंग एजन्सीकडून. करार १ जुलै ते ३० जून, पूर्ण बारा महिन्यांचा. मुलाखतीत सांगितलं होतं की हे काँट्रॅक्ट-टू-हायर आहे, काम चांगलं असेल तर कंपनी तुम्हाला स्वतःच्या पेरोलवर घेते. मे महिन्यात एजन्सीचा मेल आला की माझा करार सहा महिन्यांनी वाढवला आहे, आता ३१ डिसेंबरपर्यंत. त्या दिवशी मी टीमला तर्री पोहे खाऊ घातले. घरी आईला फोन करून सांगितलं, आता पक्कं झाल्यासारखंच आहे.

तसं काहीही झालेलं नव्हतं. तो मेल खरं तर असं सांगत होता की या वर्षी मला पर्मनंट करणार नाहीत. मला तो वाचता आला नाही, म्हणून हा एक मुद्दा जरा लांबवून सांगते.

कंपनीकडे तुमच्यासाठी पैसे दोन वेगळ्या खिशांतून येतात. काँट्रॅक्टच्या माणसाचा खर्च प्रोजेक्टच्या बजेटमधून जातो. त्यासाठी मॅनेजर परचेसवाल्यांकडून पीओ काढतो, म्हणजे एजन्सीला दिलेली खरेदीची ऑर्डर. तिची मुदत संपत आली की ती वाढवायची, हे काही मेलांचं काम असतं. पर्मनंट माणसासाठी मात्र मंजूर जागा लागते. तिला सगळे हेडकाउंट म्हणतात. ती जागा वर्षाच्या बजेटमध्ये मागावी लागते, वरून मंजूर व्हावी लागते, आणि मगच एचआर तिचा नंबर काढून भरती उघडते. तुमचा मॅनेजर तुमच्यावर कितीही खूश असला तरी हेडकाउंट नसेल तर त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, पीओ वाढवणं. म्हणून कराराच्या शेवटी नुसतं एक्स्टेन्शन आलं आणि जागेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, तर समजून घ्या की त्या वेळेपर्यंत तुमच्यासाठी जागा मागितलेलीच नाही. तुमचं काम वाईट आहे असा त्याचा अर्थ होत नाही. उलट तुम्ही हवे आहात म्हणून तर मुदत वाढवली. पण हवे असणं आणि जागा असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मी सोळा महिने त्या एकच समजत होते.

मी विचारत नव्हते असं नाही. दर दीड-दोन महिन्यांनी एजन्सीच्या रिक्रूटर मॅडमना विचारायचे, "मॅडम, माझं पर्मनंट कधी होईल?" उत्तर ठरलेलं असायचं, "फीडबॅक छान आहे, काही टेन्शन घेऊ नका." त्या खोटं बोलत नव्हत्या. पण रिक्रूटरचं काम तुम्ही रुजू झालात की बहुतेक संपतं. कंपनी आणि एजन्सी यांच्यात काय करार आहे, कन्व्हर्जनच्या, म्हणजे एजन्सीकडून कंपनीच्या पेरोलवर जाण्याच्या अटी काय, पीओ कधी संपतो, हे अकाउंट मॅनेजरकडे असतं. माझे अकाउंट मॅनेजर पुण्यात बसायचे आणि मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आज रात्री आपल्या जॉइनिंगच्या मेलमध्ये सीसीत कोण कोण आहे ते बघा, बहुतेक तिथेच सापडतील.

टीममधल्या एका सीनिअर दादांचा सल्लाही मी फार मनावर घेतला होता. "तू काम करत राह, बाकी आपोआप होऊन जाते." माणूस मनाने चांगला, पण ते पहिल्या दिवसापासून कंपनीच्याच पेरोलवर. ज्याने हा रस्ता पायाखाली घातला नाही त्याचा सल्ला या बाबतीत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्याच एजन्सीकडून येऊन कन्व्हर्ट झालेला एक जण शोधा आणि त्याला चहाला न्या.

नोव्हेंबरमध्ये मला असा एक जण भेटला, खापरीच्या मेट्रो स्टेशनवर. त्याने विचारलं, "तुमच्या करारात कन्व्हर्जनची अट काय आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी अकाउंट मॅनेजरना मेल लिहिला. इंग्रजीतच गेला, मजकूर असा होता, त्यातला क्लायंट म्हणजे मी बसायचे ती कंपनी:

"सर, मी १ जुलैपासून या क्लायंटकडे काम करते आहे आणि माझा सध्याचा करार ३१ डिसेंबरला संपतो. माझी नेमणूक काँट्रॅक्ट-टू-हायर म्हणून झाली होती. पुढचं नियोजन करण्यासाठी मला चार गोष्टी कळायला हव्यात. क्लायंटशी असलेल्या करारात कन्व्हर्जनसाठी किमान किती महिने पूर्ण व्हावे लागतात? त्याआधी घेतल्यास क्लायंटला शुल्क द्यावं लागतं का, आणि ते कधी माफ होतं? माझ्या कामासाठी क्लायंटकडे सध्या मंजूर जागा उघडी आहे का? नसेल तर त्यांचं पुढच्या वर्षाचं हेडकाउंट कोणत्या महिन्यात ठरतं, आणि शिफारस कोणी करायची असते? आपल्याला सोयीचं असेल तर पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल."

यात "कधी करणार" हा प्रश्न कुठेच नाही, कारण त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. मी किती मेहनत केली, घरची परिस्थिती काय, हेही नाही. पहिल्या मसुद्यात ते सगळं होतं. बाबांच्या निवृत्तीबद्दल एक परिच्छेद होता. तो मी काढला आणि काढला ते बरं झालं, कारण अशा मेलला सहानुभूती मिळते, माहिती मिळत नाही.

चार दिवसांनी फोन आला. आमच्या करारात बारा महिने पूर्ण होण्याआधी घेतलं तर क्लायंटने एजन्सीला नव्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, द्यायचा होता. बारा महिन्यांनंतर काहीच नाही. माझ्या कामाला कंपनी जो सीटीसी देते तो ५ लाख ४० हजारांच्या आसपास, म्हणजे शुल्क झालं सुमारे ४५ हजार. आता माझं जुनं वागणं आठवा. मी आठव्या, नवव्या महिन्यात पर्मनंटसाठी मागे लागले होते. त्या वेळी माझ्यासाठी मॅनेजरला वरचे ४५ हजार मंजूर करून घ्यावे लागले असते, आणि तीन-चार महिने थांबलं की तेच शून्य होणार होतं. कोण देईल? "थोडं थांबा" असं सांगतात, त्यामागे इतकं साधं गणित असतं. प्रत्येक एजन्सीचा आकडा आणि मुदत वेगळी असते, म्हणून तुमचं विचारूनच घ्या.

पण दुखलं ते चौथ्या प्रश्नाचं उत्तर. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाच्या जागा मॅनेजर डिसेंबर-जानेवारीत मागतात. म्हणजे पहिल्या वर्षी, मी रुजू होऊन पाच-सहा महिने झाले होते तेव्हा, माझ्या मॅनेजरने एक जागा मागितली असती तर एप्रिलमध्ये ती आली असती आणि १ जुलैला, शुल्क संपल्या दिवशी, मी आत गेले असते. मागितली नाही, कारण त्यांना कोणी आठवण केली नाही. मी एजन्सीला विचारत बसले होते.

म्हणून फोन ठेवल्यावर त्याच आठवड्यात मॅनेजरशी बोलले. "सर, माझे बारा महिने झाले आहेत, त्यामुळे कन्व्हर्जनचं शुल्क लागणार नाही. पुढच्या वर्षाच्या हेडकाउंटमध्ये ही जागा टाकता येईल का?" शुल्क माफ झालंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं! त्यांनी माझ्याकडून रात्रपाळीतल्या तिकिटांचा हिशोब मागितला, कारण जागेचं कारण लिहून द्यावं लागतं. डिसेंबरनंतर आणखी सहा महिन्यांचं एक्स्टेन्शन आलं, पण या वेळी त्याचा अर्थ मला कळत होता. एप्रिलमध्ये जागा मंजूर झाली. मेमध्ये पुन्हा मुलाखत झाली, हो, दोन वर्षं तिथेच काम करूनही, आणि ती नाममात्र नसते, तयारी करून जा. पार्श्वभूमी तपासणी नव्याने झाली. १ जुलैला मी कंपनीच्या पेरोलवर गेले.

तुमच्या कंपनीचं मुख्य कार्यालय परदेशी असेल तर बजेटचं वर्ष जानेवारीपासून असू शकतं. मग हे बोलणं दिवाळीच्या आधी व्हायला हवं.

दोन चुका मात्र करू नका. एक, कंपनीच्या करिअर पेजवर आपलीच जागा दिसली म्हणून परस्पर अर्ज टाकणं. एजन्सीच्या करारात बहुधा याला मनाई असते, वाद दोन कंपन्यांत होतो आणि प्रोफाइल अडकून पडते ते आपलं. मला असे शॉर्टकट सुचवणारे खूप भेटले, निभावून नेणारा एकही नाही. दुसरी, तोंडी होकारावर एजन्सीचा राजीनामा देणं. ऑफर लेटर हातात येऊ द्या, मग राजीनामा, आणि रिलिव्हिंग लेटर घेतल्याशिवाय विषय संपवू नका. पीएफचा यूएएन तोच राहतो, जुनी रक्कम नव्या खात्यात ट्रान्सफर करा, काढू नका. ग्रॅच्युइटीची सेवा मात्र नव्या कंपनीत नव्याने मोजतात.

आणि २४० दिवस भरले की आपोआप पर्मनंट, हे आपल्याकडे हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत सगळे सांगतात. ते दिवस ज्याच्या पेरोलवर आहात त्याच्याकडची सेवा म्हणून मोजले जातात, आणि आपल्या कागदावर मालक एजन्सी असते. त्या भरवशावर क्लायंटकडे कोणी बसू नये.

सप्टेंबरमध्ये आमच्या टीमला एजन्सीकडून एक मुलगी आली, काटोलची. तिला मी दुसऱ्या महिन्यातच तो मेल पाठवायला लावला. घाबरत होती, इतक्या लवकर विचारलं तर वाईट दिसेल म्हणून. वाईट दिसत नाही. अकाउंट मॅनेजरला असे प्रश्न रोजचे असतात. तिला उत्तर आलं की तिचा पीओ एका ठरावीक प्रोजेक्टपुरता आहे, तो मार्चला संपतो आणि त्या कामासाठी पर्मनंट जागा मागण्याचा विचार नाही. ती संध्याकाळभर गप्प होती. दुसऱ्या दिवसापासून तिने बाहेर अर्ज करायला सुरुवात केली. तिच्या हातात अजून पाच महिने आहेत, आणि शनिवारी आम्ही दोघी बसून तिचा बायोडेटा नीट करणार आहोत.